बर्फावरचं ऊन, पाण्यावरचं ऊन

*नमस्कार मॅडम,*

*फेब्रुवारीत आम्ही तिघं मनालीला आणि तिथून बोगद्यापलीकडे सिस्सूला बर्फ बघायला जाणार आहोत. शिवाय हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी भिगवणला पक्षी बघायला जातो. गाडी मी चालवते आणि सकाळी जाताना, संध्याकाळी येताना सूर्य नेमका समोर असतो. मला उणे अडीच नंबर आहे, काच उन्हात काळी होणारी आहे. नवऱ्याला नंबर नाही. मुलगा ९ वर्षांचा आहे. दुकानदार म्हणाला, "पोलराइज्ड घ्या ताई, सगळं त्यात आलं." खरंच एका गॉगलमध्ये सगळं भागतं का? आणि रस्त्यावरच्या दोनशे रुपयांच्या आणि दुकानातल्या तीन हजारांच्या गॉगलमध्ये डोळ्यांच्या दृष्टीने फरक काय?*

*— एक वाचक, हडपसर, पुणे*

नमस्कार ताई,

तुमच्या यजमानांचं एका गॉगलवर भागेल. तुम्हाला दोन लागतील, कारण तुम्हाला नंबर आहे. मुलाला त्याचा स्वतःचा, त्याच्या मापाचा हवा. दुकानदाराचं वाक्य मात्र बाजूला ठेवा. पोलराइज्ड काच एकच काम करते आणि तुमच्या तीन ठिकाणांपैकी सगळ्यात धोक्याच्या ठिकाणी, म्हणजे बर्फावर, त्या कामाचा उपयोग सगळ्यात कमी आहे.

डोळे दिपतात ते दिसणाऱ्या उजेडाने. डोळ्याला इजा होते ती मुख्यतः यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, आणि ते दिसत नाहीत. त्यामुळे जिथे डोळे जास्त दिपतात तिथेच धोका जास्त, असा आपला समज होतो. पण तुमच्याच तीन जागा घ्या. भिगवणच्या पाण्यावरून चकाकी भरपूर येते, पण पाणी यूव्ही फार परतवत नाही, दहा टक्क्यांहूनही कमी. गाडीत सूर्य समोर असला की काही दिसेनासं होतं, पण पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून केलेली असते आणि तो थर बहुतेक यूव्ही अडवतो. आणि ताजा बर्फ? तो ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो. त्यात उंचीची भर पडते. दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतं. पुणे सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे आणि सिस्सू तीन हजारांच्या थोडं वर.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एकदा भोगावं लागलं. बोगदा व्हायच्या आधीची गोष्ट. रोहतांगच्या वाटेवर आम्ही अख्खा दिवस बर्फात होतो. आभाळ पांढुरकं होतं, ऊन असं नव्हतंच. माझ्याकडे चांगल्यापैकी पोलराइज्ड गॉगल होता, पण काचा अरुंद, नाकावर जरा पुढे बसणाऱ्या. आभाळ भरलंय म्हणून अर्धा वेळ तो टोपीवर चढवून ठेवला होता. दिवसभर काहीच जाणवलं नाही. रात्री नऊच्या सुमाराला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं आणि मध्यरात्री डोळे उघडवेनात. पाण्याच्या धारा लागलेल्या, दिव्याकडे बघणं अशक्य. बुबुळावरचा नाजूक पापुद्रा उन्हाने भाजला होता, त्वचा भाजते तसाच. याला हिमांधत्व म्हणतात. त्याची फसवी गोष्ट अशी की त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणजे भाजत असताना डोळा तक्रार करत नाही. पातळ ढगांतून बहुतेक यूव्ही खाली येतं, हे मला तेव्हा माहीत होतं. तरी डोळे दिपत नव्हते, म्हणून मी निर्धास्त राहिले.

म्हणून बर्फापासूनच सुरुवात करते.

बर्फासाठी गॉगल घेताना पहिली अट यूव्हीची. लेबलवर 'यूव्ही ४००' असावं. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणं, म्हणजे सगळं यूव्ही, ती काच अडवते. दुसरी अट झाकण्याची, आणि हिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुण्यात ऊन वरून येतं. भुवया, टोपीची कड, पापण्या हे सगळं वरच्या उन्हासाठी आहे. बर्फावर ते खालून आणि बाजूनेही येतं, आणि तिथे टोपी काहीच करू शकत नाही. गालाच्या आणि काचेच्या मधल्या फटीतून, काडीच्या बाजूने ते थेट डोळ्यात जातं. बाजूने तिरपा आलेला प्रकाश तर बुबुळाच्या फुगीर आकारामुळे वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलेलं दिसतं, त्यामागचं एक कारण हेच मानतात.

तेव्हा गॉगल चढवा, मान सरळ ठेवा आणि फक्त डोळे खाली, मग दोन्ही बाजूंना फिरवा. काचेच्या बाहेरचा उघडा उजेड कुठे आणि किती दिसतो ते बघा. मग करंगळी भुवईजवळच्या, गालाजवळच्या आणि कानशिलाजवळच्या फटीत घालून पाहा. सहज आत जात असेल तर तो गॉगल बर्फासाठी नको. शेवटी उजळ खिडकीकडे पाठ करून उभं राहा. मागची खिडकी काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखी दिसायला लागली, तर बाजू उघड्या आहेत. कडेने वळलेला, डोळ्याभोवती गुंडाळून बसणारा किंवा बाजूला पट्ट्या असलेला आकार या तपासणीत पास होतो. गोल किंवा चिमुकल्या फॅशनच्या काचा बहुतेक नापास होतात, मग त्यांची किंमत काहीही असो.

तिसरी गोष्ट काळेपणाची. गॉगलच्या काडीच्या आत बारीक अक्षरांत ० ते ४ यांपैकी एक आकडा असतो. ती दिसणाऱ्या उजेडाची श्रेणी. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते आणि श्रेणी ४ ची ३ ते ८ टक्के. सिस्सूला तुम्ही दोन-चार तास बर्फात खेळणार असाल तर श्रेणी ३ पुरेशी आहे. श्रेणी ४ हिमनद्यांवर दिवसभर चालणाऱ्यांसाठी, आणि ती घालून गाडी अजिबात चालवायची नाही. हा आकडा फक्त काळेपणा सांगतो, यूव्हीबद्दल काहीच नाही.

आणि पोलराइज्ड? सपाट, चकचकीत, आडव्या पृष्ठभागावर आपटून आलेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेत कंप पावत येतो. पोलराइज्ड काच म्हणजे उभ्या गजांची खिडकी समजा. आडवा कंप अडतो, उभा आत येतो. पण बर्फ म्हणजे असंख्य बारीक कण. ते प्रकाश सगळ्या दिशांना उधळतात, त्यामुळे आडवा-उभा असा भेद फारसा उरत नाही आणि गजांच्या खिडकीला अडवायला काही मिळत नाही. काच काळी आहे तेवढाच फायदा. चकाकी उरते ती पाणी सुटून पुन्हा गोठलेल्या कडक बर्फाची, आणि पाय घसरतो तो तिथेच. तो तुकडा चमकतो म्हणून आपण सावध होतो. पोलराइज्ड काच नेमकी ती चमक पुसते. बर्फात हा गॉगल वाईट ठरतो असं नाही, फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता भिगवण. पोलराइज्ड काचेचं खरं घर म्हणजे पाणी, पण तिथेही ती दिवसभर सारखी चालत नाही. शांत पाण्याकडे क्षितिजापासून साधारण ३७ अंश खाली बघितलं की तिथून येणारी चकाकी जवळजवळ पूर्ण आडवी असते आणि काच ती साफ अडवते. होडीत बसल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून मीटरभर वर असतील, म्हणजे हा कोन होडीपासून सव्वा-दीड मीटरवर येतो. तिथे तळाचं शेवाळही दिसू लागेल. तुमचे पक्षी असतात वीस-तीस मीटरवर. तितक्या लांबच्या सपाट पाण्याकडे नजर फार तिरपी पडते, तिथली चकाकी थोडीशीच आडवी असते आणि काच तिचा थोडाच भाग काढते.

लाटांवर चमचमणारं ऊन असेल तर हिशेब सूर्याच्या उंचीवर जातो. जानेवारीत सकाळी आठला सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दहा-बारा अंश वर असतो. तेव्हा पाण्यावरची ती सोनेरी पट्टी पोलराइज्ड काचेतूनही डोळ्यांत घुसतेच. अकराच्या सुमाराला सूर्य चाळीस अंशांच्या वर गेला की तीच काच कमाल करते, चमचम विरघळते आणि पाण्याचा रंग दिसायला लागतो. म्हणजे पहाटेच्या फेरीत गॉगल काढून-घालून फरक पडला नाही तर काच खोटी आहे असं समजू नका. त्या वेळी होडीवाल्याला सांगून सूर्य पाठीशी घ्यायचा, हाच उपाय.

दुर्बिणीला डोळे लावताना गॉगल काढावा लागतो, म्हणून यजमानांच्या गॉगलला गळ्यात अडकवायची दोरी हवी. त्यांच्याकडे कॅमेरा असेल तर त्याचा मागचा पडदा पोलराइज्ड काचेतून एखाद्या कोनात काळा पडेल. कॅमेरा बिघडलेला नसतो. मान थोडी वाकडी केली की पडदा परत दिसतो.

गाडीचं सांगते. सोलापूर रस्ता पूर्व-आग्नेयेला जातो, म्हणून सकाळी सूर्य समोर आणि परतताना पुन्हा समोर. थेट सूर्याकडून येणारा प्रकाश आडवा-उभा नसतोच, त्यामुळे पोलराइज्ड काच त्याला फक्त काळेपणापुरती मंद करते. मग तिचा उपयोग कुठे? डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून रस्त्यावर धुकं पसरल्यासारखं दिसतं, ते ती छान काढते. ओल्या रस्त्याची, समोरच्या गाडीच्या छताची आणि बॉनेटची चकाकी कमी करते. दिवसाच्या ड्रायव्हिंगला मी पोलराइज्ड घ्या असंच सांगते, पण सूर्य अगदी समोर असेल तेव्हा तिच्यावर विसंबू नका. तेव्हा सगळ्यात जास्त त्रास देतो तो पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला साठलेला तेलकट थर. सूर्याची तिरीप त्या थरावर पडली की सगळी काच पांढरी होते. निघायच्या आदल्या रात्री काच आतून ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, उजेडात तिरप्या नजरेने ओरखडे-डाग उरलेत का ते बघा आणि गाडी चालवताना सनव्हायजर खाली घ्या. कितीतरी जणांना मी नवा गॉगल घेण्याआधी हे करायला सांगितलं आहे.

तुमची उन्हात काळी होणारी काच गाडीत काळी होत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तिला काळं व्हायला यूव्ही लागतं आणि पुढची काच ते आत येऊ देत नाही. याउलट सिस्सूच्या थंडीत ती नेहमीपेक्षा जास्त काळी होईल आणि खोलीत शिरल्यावर पुन्हा फिकट व्हायला बराच वेळ घेईल.

ड्रायव्हिंगसाठी रंग करडा किंवा तपकिरी घ्या. करड्यातून रंग जसेच्या तसे दिसतात, तपकिरीतून रस्त्याचे खड्डे-उंचवटे जरा ठळक होतात. गर्द निळा किंवा लाल नको, सिग्नल आणि समोरच्या गाडीचे ब्रेकचे दिवे ओळखायला अडचण येते. परतताना सूर्य मावळला की गॉगल काढून नंबरचा साधा चष्मा लावा. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून विकतात त्या पिवळ्या काचाही घेऊ नका. त्या समोरच्या दिव्याबरोबर अंधारात चालणारा माणूसही मंद करतात. पोलराइज्ड काचेतून इतर गाड्यांच्या मागच्या आणि बाजूच्या काचांवर ठिपक्यांची नक्षी दिसेल. ती काच कडक करताना उरलेल्या ताणाची असते, तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. गाडीतल्या पडद्यावर नकाशा बघत असाल तर खरेदीआधी तो गॉगलमधून दिसतो का ते गाडीत बसून तपासा.

आता दोनशे आणि तीन हजार. काचेचा काळेपणा आणि यूव्ही अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक रंग नसतानाही जवळजवळ सगळं यूव्ही अडवतं, त्यामुळे एखादा स्वस्त गॉगल या बाबतीत उत्तम निघू शकतो. पण दुसऱ्या एखाद्या प्लास्टिकवर नुसता काळा रंग चढवलेला असेल तर तो गॉगल न घातलेलाच बरा. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आपण डोळे बारीक करायचं सोडतो आणि मोठ्या झालेल्या दारातून यूव्ही आत जातं. रस्त्यावर हे कळायला मार्ग नाही, चिकटवलेलं लेबल कुणीही छापतं. महागड्या गॉगलमध्ये जास्तीचे पैसे मुख्यतः फ्रेम, नाव आणि काचेची सफाई यांचे असतात. सफाईला अर्थ आहे. गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ बघत तो हलवा. रेघ वाकडी होत असेल, लहरत असेल, तर डोकं दुखेल.

यूव्ही तपासायला चष्म्याच्या दुकानात छोटं यूव्ही मीटर असतं. काच त्यात धरून आकडा दाखवायला सांगा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जांभळ्या टॉर्चचा प्रयोग दाखवला तर त्यावर समाधान मानू नका. त्या टॉर्चचा उजेड बहुतेक वेळा यूव्हीच्या अगदी कडेचा असतो, त्यावरून पूर्ण कल्पना येत नाही. आणि काउंटरवर एक चित्र ठेवलेलं असतं, साध्या डोळ्यांना न दिसणारा मासा किंवा गाडी गॉगलमधून दिसते. त्याने काच पोलराइज्ड आहे एवढंच सिद्ध होतं. यूव्हीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या दुकानदाराचं 'सगळं त्यात आलं' बहुधा याच चित्रावरून आलं असावं.

पोलराइज्ड आहे का हे तुम्ही स्वतःही बघू शकता. लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात काच काळीकुट्ट होईल. दोन्ही काचा एकाच वेळी, एकाच कोनात काळ्या झाल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर झाली, तर आतले पापुद्रे वाकडे बसलेत आणि दोन डोळ्यांना वेगवेगळी चकाकी दिसेल. स्वस्त पोलराइज्ड गॉगलमध्ये ही खोड मी वारंवार पाहिली आहे, आणि असा गॉगल दोन तास घालून गाडी चालवली की कपाळ ठणकायला लागतं.

आता तुमची खरेदी. यजमानांना डोळ्याभोवती वळलेला, पोलराइज्ड, श्रेणी ३, करडा गॉगल घ्या. तो पाण्यावर, गाडीत आणि बर्फावर, तिन्हीकडे चालेल. बर्फात टणक चकचकीत भाग दिसण्यापुरतं त्यांनी पायाखाली जपून बघावं. तुम्ही गाडी आणि भिगवणसाठी नंबरची पोलराइज्ड काच करून घ्या, जरा मोठ्या पण फार न वळलेल्या फ्रेममध्ये. फार वळलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवला की कडेचं जग वाकडं दिसतं आणि गाडी चालवताना ते नको. बर्फासाठी वेगळा, नंबरच्या चष्म्यावरून चढवायचा पेटीसारखा मोठा गॉगल घ्या, श्रेणी ३, पोलराइज्ड नसला तरी चालेल. बाजू आणि खालची कड त्यात झाकली जाते. पण त्याच्या आत तुमची काळी होणारी काच नको, साधा पांढरा चष्मा घाला. बाहेरचा गॉगल यूव्ही अडवणार असल्याने आतली काच सहसा काळी होणार नाही, पण मध्येच गॉगल काढला की थंडीत ती काळी होऊन बसेल आणि पुन्हा गॉगल चढवल्यावर दोन्ही मिळून अंधार होईल. दुकानात जाताना तो पांढरा चष्मा बरोबर न्या आणि वरून गॉगल घालून मघाची करंगळीची तपासणी करा.

मुलाच्या बाबतीत कंजुषी करू नका. लहान मुलांच्या डोळ्याचं भिंग स्वच्छ असतं, त्यातून मोठ्यांपेक्षा जास्त यूव्ही आतवर जातं, आणि उंची कमी असल्याने ते बर्फाच्या जवळही असतात. मोठ्यांचा गॉगल त्याच्या गालावर टेकत नाही, खालून सगळं उघडं राहतं. पॉलिकार्बोनेटचा, त्याच्या मापाचा, मागे लवचिक पट्टा असलेला घ्या आणि पुण्यातच आठवडाभर घालायला लावा. नव्याने टोचणारा गॉगल पोरं बर्फात पहिल्या दहा मिनिटांत फेकून देतात.

सिस्सूला जाताना अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे. टॅक्सीत मागे बसलेले तुम्ही तिघं बाहेर पडायच्या आधीच गॉगल चढवा. आभाळ भरलेलं असलं तरीही.

इतकं करूनही रात्री कुणाच्या डोळ्यांत वाळू टोचायला लागली, तर डोळे चोळू नका. खोलीत अंधार करा, बंद पापण्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवा, साधे अश्रूंसारखे थेंब घातले तरी चालतील. बधिर करणारे थेंब कुणी दिले तर घेऊ नका. त्यांनी वेदना थांबते, पण जखम भरायला उशीर होतो. साधारणपणे एक ते तीन दिवसांत बुबुळावरचा पापुद्रा पुन्हा भरून येतो. मुलाला त्रास झाला, किंवा कुणालाही धूसर दिसायला लागलं, तर मनालीत दुसऱ्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्या दिवशी बर्फात जाऊ नका.